दोन तुकड्यांचे गुण, दोन आयतालेख आणि चुकीचा निष्कर्ष: कुठे बिघडतं आणि कसं दुरुस्त करायचं

दर सत्र परीक्षेनंतर शिक्षक खोलीत माझ्यासमोर दोन कागद येतात. एकावर अ तुकडीचा आयतालेख, दुसऱ्यावर ब तुकडीचा, आणि सोबत ठरलेला प्रश्न: "सर, दोन्ही सारख्याच दिसतात ना?" कधी त्या सारख्या दिसतात पण नसतात. कधी उलटंही होतं. उपाय दहावीच्या गणित भाग 1 मध्येच, सांख्यिकीच्या प्रकरणात आहे. दोन वेगळे आयतालेख काढण्याऐवजी एकाच आलेख कागदावर दोन वारंवारता बहुभुज एकावर एक काढायचे. पण तेही चुकीचे काढलेले मी इतक्यांदा दुरुस्त केलेत की आता कुठला बिघाड कुठून येतो ते ओळखीचं झालंय. तेच इथे लिहून ठेवतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत शाळेतला वर्गही 'वर्ग' आणि सारणीतला 10–15 हाही 'वर्ग'. या लेखात मुलांच्या वर्गाला 'तुकडी' म्हणतो, 'वर्ग' म्हणजे फक्त गुणांचा गट.

## लक्षणं

यातलं एक जरी दिसलं तरी पुढच्या तपासण्या करा.

- दोन आयतालेख शेजारी ठेवले तर सर्वांत उंच स्तंभ सारख्याच उंचीचे दिसतात, पण Y-अक्षावरचे आकडे वेगळे आहेत.
- दोन्ही तुकड्यांची सरासरी जवळपास सारखी, तरी शिकवणाऱ्या बाई म्हणतात की दोन तुकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.
- मोठ्या तुकडीची रेषा जवळजवळ सगळीकडे लहान तुकडीच्या वर आहे.
- एक बहुभुज दुसऱ्याची नक्कल वाटतो, फक्त थोडा उजवीकडे सरकलेला.
- रेषेची टोकं हवेत लटकत आहेत.
- रेषा X-अक्षाच्या खाली गेली आहे. (हसू नका, संगणकावर हे नेहमी होतं.)

## हाताशी असलेलं उदाहरण

आकडे हिशेबाला सोपे पडतील असे घेतले आहेत, पण आकार मी प्रत्यक्ष पाहिलेल्या तुकड्यांसारखाच आहे. परीक्षा 40 गुणांची, अ तुकडीत 60 मुलं, ब तुकडीत 40.

| गुण | वर्गमध्य | अ (मुलं) | ब (मुलं) | अ (%) | ब (%) |
|---|---|---|---|---|---|
| 5–10 | 7.5 | 3 | 3 | 5 | 7.5 |
| 10–15 | 12.5 | 6 | 9 | 10 | 22.5 |
| 15–20 | 17.5 | 15 | 6 | 25 | 15 |
| 20–25 | 22.5 | 18 | 4 | 30 | 10 |
| 25–30 | 27.5 | 9 | 7 | 15 | 17.5 |
| 30–35 | 32.5 | 6 | 8 | 10 | 20 |
| 35–40 | 37.5 | 3 | 3 | 5 | 7.5 |

वर्गमध्यांवरून सरासरी काढली तर अ ची 22 येते आणि ब ची 22.4 च्या आसपास. निकालपत्रकात एवढंच लिहिलं तर कुणालाही वाटेल की दोन्ही तुकड्या एकाच मापाच्या आहेत.

## तपासणी 1: दोन्ही Y-अक्षांचं प्रमाण एकच आहे का?

हिला पैसा लागत नाही आणि मिनिटही लागत नाही, म्हणून ही पहिली. दोन्ही कागदांवरचा Y-अक्षाचा शेवटचा आकडा वाचा.

वरच्या सारणीत अ चा सर्वांत उंच स्तंभ 18 चा आणि ब चा 9 चा. प्रत्येकाने आपापला आलेख कागद भरेल असं प्रमाण घेतलं तर अ चा अक्ष 20 पर्यंत जातो आणि ब चा 10 पर्यंत. 20 पैकी 18 आणि 10 पैकी 9 म्हणजे कागदावर दोन्ही स्तंभ तंतोतंत एकाच उंचीचे. डोळा उंची बघतो, आकडे नंतर वाचतो, आणि बहुतेक वेळा वाचतच नाही. संगणकसुद्धा आलेख काढताना अक्षाची मर्यादा आपणहून ठरवतो, म्हणून हा बिघाड हाताने काढणाऱ्यांपुरता नाही.

एकाच अक्षावर दोन बहुभुज काढले की हा प्रश्न मुळातच राहत नाही, कारण अक्षच एक असतो. मग दोन आयतालेखच एकावर एक का ठेवू नयेत, असं मुलं विचारतात. ठेवून बघा. पुढचा स्तंभ मागच्याला झाकतो, आणि तीन-चार वर्गांनंतर कुठली कड कुणाची ते काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. बहुभुज नुसती रेषा असल्यामुळे मागचं काही झाकत नाही.

## तपासणी 2: बेरीज जुळते का?

वारंवारतांची बेरीज परीक्षेला हजर असलेल्या मुलांइतकी यायला हवी, पटावरच्या मुलांइतकी नाही. गैरहजर मुलांसमोर कुणी 0 भरला असेल तर 0–5 या वर्गात नसलेली मुलं उगवतात आणि बहुभुजाला डावीकडे शेपूट फुटतं. गैरहजर म्हणजे रिकामी चौकट, 0 नव्हे. एवढं पाहा आणि पुढे चला.

## तपासणी 3: पटसंख्या वेगळी असेल तर टक्के काढलेत का?

सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि ही चूक मान्य करून घ्यायलाही सर्वांत जास्त वेळ लागतो.

सारणीतला 25–30 हा वर्ग पाहा. अ मध्ये 9 मुलं, ब मध्ये 7. नुसत्या संख्येचे बहुभुज काढले तर इथे अ ची रेषा वर. पण अ मध्ये 60 पैकी 9 म्हणजे 15 टक्के आणि ब मध्ये 40 पैकी 7 म्हणजे 17.5 टक्के. टक्के घेतले की ब ची रेषा वर जाते. त्याच दोन तुकड्या, तेच गुण, आणि निष्कर्ष उलटा. तसंच 35–40 मध्ये दोन्हीकडे 3–3 मुलं आहेत, त्यामुळे संख्येच्या आलेखात दोन्ही बिंदू एकावर एक बसतात. प्रत्यक्षात ब मधलं प्रमाण अ च्या दीडपट आहे.

म्हणून पट वेगळा असेल तर प्रत्येक वारंवारतेला त्या तुकडीच्या हजर संख्येने भागा, 100 ने गुणा, आणि Y-अक्षावर 'मुलांची टक्केवारी' असं स्पष्ट लिहा. गुणांच्या टक्केवारीशी गल्लत होऊ देऊ नका. पालक सभेत ती हमखास होते.

ही चूक एवढी पसरण्याचं एक कारण मला पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत दिसतं. एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात बरीच वर्षं दोन तुकड्यांचे गुण दोन बहुभुजांनी दाखवण्याचं एक उदाहरण होतं. उदाहरण छान, पण त्यातल्या दोन्ही तुकड्यांची बेरीज केली तर 50 आणि 50 येते. पट सारखा असल्यामुळे टक्के काढायची गरजच पडत नाही, आणि ती पायरी कुणाच्या हातात बसत नाही. आपल्या शाळेत मात्र पट क्वचितच सारखा असतो.

## तपासणी 4: बिंदू वर्गमध्यावर आहेत का, आणि टोकं जमिनीला टेकली आहेत का?

आता पट्टी आणि पेन्सिल घ्या.

बिंदू वर्गमध्यावर हवा: 10–15 चा बिंदू 12.5 वर. पुष्कळ जण तो 15 वर देतात, कारण संचित वारंवारतेच्या वक्रात वरची मर्यादा घेतात आणि हाताला तीच सवय लागलेली असते. दोन्ही तुकड्यांत एकाच व्यक्तीने एकच चूक केली तर दोन्ही रेषा अडीच गुण सरकतात आणि तुलना तरी वाचते. पण अ चा आलेख एकाने वर्गमध्यावर आणि ब चा दुसऱ्याने वरच्या मर्यादेवर काढला, तर ब तुकडी फुकटात अडीच गुणांनी हुशार दिसते. वर लक्षणांत 'नक्कल, पण सरकलेली' म्हटलं ते हेच. ओळखायची खूण सोपी आहे. आयतालेखावर बहुभुज ठेवून पाहा. रेषेचा प्रत्येक बिंदू स्तंभाच्या माथ्याच्या बरोबर मधोमध यायला हवा. तो कोपऱ्यावर आला की चूक सापडली.

टोकांचं कारण मात्र नीट समजून घ्यावं, कारण "पुस्तकात तसं आहे म्हणून" असं सांगितलं की मुलं परीक्षा संपताच विसरतात. आपल्या उदाहरणात पहिला भरलेला वर्ग 5–10. त्याच्या आधीच्या 0–5 वर्गात कुणी नाही, म्हणून रेषा त्याच्या मध्यावर, म्हणजे 2.5 वर, X-अक्षाला टेकवायची. शेवटी तसंच 40–45 हा रिकामा वर्ग कल्पून 42.5 वर टेकवायची. इथे दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, 40 पैकी 42.5 गुण?" मुलाची शंका रास्त आहे. तिथे कुणालाही गुण नाहीत, शून्य मुलं आहेत, आणि बिंदू तेच सांगतो.

पण टेकवायचंच कशाला? अ तुकडीचे पहिले दोन स्तंभ घ्या, उंची 3 आणि 6 मुलं. 7.5 आणि 12.5 यांना जोडणारी रेषा 10 या सीमेवर 4.5 उंचीला येते. म्हणजे डावीकडच्या स्तंभावर अडीच गुण रुंद आणि दीड उंच असा एक त्रिकोण नव्याने आत आला, आणि उजवीकडच्या स्तंभाचा तेवढाच त्रिकोण बाहेर कापला गेला. हिशेब चुकता. प्रत्येक सीमेवर असंच घडतं. टोकालाही ते घडायला हवं: 2.5 पासून निघालेली रेषा 5 वर दीड उंचीला असते, पुन्हा एक त्रिकोण आत आणि एक बाहेर. म्हणून पूर्ण टेकवलेल्या बहुभुजाचं क्षेत्रफळ आयतालेखाइतकंच भरतं, आणि टक्के घेतले असतील तर दोन्ही तुकड्यांचे बहुभुज सारख्याच क्षेत्रफळाचे होतात. टोकं लटकत ठेवली किंवा घाईत 2.5 ऐवजी 5 वर टेकवली तर हा तोल जातो, आणि कडेच्या मुलांचा काही भाग आलेखातून गायब होतो.

हाताने काढताना X-अक्षावर 2 सेमी = 5 गुण आणि Y-अक्षावर 2 सेमी = 5 टक्के असं प्रमाण घ्या, कागद आडवा ठेवा. मग सगळे वर्गमध्य सेंटिमीटरच्या ठळक रेषेवरच येतात आणि बिंदू चुकायला जागा उरत नाही. अ ची रेषा सलग आणि बिंदू भरीव ठेवा, ब ची तुटक आणि बिंदूच्या जागी फुली. लाल-निळा रंग झेरॉक्समध्ये एकच काळा होतो, हे मी एकदा पालक सभेला पन्नास प्रती काढल्यावर शिकलो.

## तपासणी 5: 15 गुण कुठल्या वर्गात गेले?

ही चूक दिसत नाही, म्हणून उशिरा सापडते. आपल्या पुस्तकातल्या असमावेशक पद्धतीत 15 गुण 15–20 मध्ये जातात. एक्सेलमधलं `FREQUENCY` हे सूत्र मात्र वरची मर्यादा त्याच वर्गात धरतं, म्हणजे 15 ला 10–15 मध्ये टाकतं. अ ची सारणी हाताने आणि ब ची या सूत्राने केली तर सीमेवरची सगळी ब ची मुलं एक वर्ग खाली घसरतात. 20, 25, 30 असे गुण पडलेली मुलं थोडीथोडकी नसतात, त्यामुळे हा परिणाम डोळ्यांना दिसण्याइतका होतो.

पुस्तकाच्या पद्धतीने मोजायचं असेल तर हे सूत्र वापरा. गुण B स्तंभात, वर्गाची खालची मर्यादा D मध्ये, वरची E मध्ये:

```
=COUNTIFS(B$2:B$61,">="&D2,B$2:B$61,"<"&E2)
```

यात एक काटा आहे. कुणाला पूर्ण 40 पडले तर या पद्धतीने तो मुलगा 40–45 मध्ये जातो आणि शेवटचं टोक 47.5 पर्यंत लांबतं. ते चूक नाही, पण पाहणाऱ्याला खटकतं. गुण पूर्णांकांत असतील तर मी 1–5, 6–10 … 36–40 असे वर्ग घेऊन सीमा 0.5, 5.5, 10.5 अशा करतो. वर्गमध्य 3, 8, 13 असे येतात आणि 40 वाला आत राहतो. फक्त दोन्ही तुकड्यांना तेच वर्ग हवेत.

## तपासणी 6: वर्गांची रुंदी

एका बाईंनी 5–5 चे वर्ग घेतले आणि दुसऱ्यांनी 10–10 चे, तर रुंद वर्गात साहजिकच जास्त मुलं मावतात आणि ती रेषा उगाच उंच जाते. 5 चे दोन वर्ग जोडून 10 चा करता येतो. 10 चा फोडून 5 चे करता येत नाहीत, त्यासाठी मूळ गुणयादीच लागते. ती मागायला संकोच करू नका. "अंदाजे निम्मे-निम्मे करू" हा सल्ला मी ऐकलाय. तो पाळला तर आलेखाचा आकार तुम्ही बनवलेला असतो, मुलांचा नसतो.

अगदी रुंद वर्गही नको. वरच्या ब तुकडीत 10–20 आणि 20–30 असे वर्ग केले तर 15 आणि 11 मुलं येतात आणि मधली दरी बुजत जाते. तीच दरी तर आपल्याला बघायची आहे.

## तपासणी 7: संगणकाने काढलेली रेषा

एक्सेलमध्ये पुष्कळ जण `Line` आलेख घेतात. त्यात X-अक्षावर संख्या नसतात, नुसत्या पाट्या असतात, त्यामुळे 2.5 आणि 42.5 ही टोकं सहसा राहून जातात. `Scatter with Straight Lines and Markers` घ्या आणि सारणीत 2.5 समोर 0 व 42.5 समोर 0 अशा दोन ओळी स्वतः भरा. `Scatter with Smooth Lines` घेऊ नका, आणि `Smoothed line` चालू असेल तर बंद करा. गुळगुळीत वळणं दिसायला सुबक, पण वळताना रेषा शून्याच्या खाली जाऊ शकते, आणि उणे दोन टक्के मुलं कुठल्याच शाळेत नसतात.

## आता आलेख वाचा

सगळं दुरुस्त केल्यावर आपल्या उदाहरणात काय दिसतं? अ ची रेषा एकच डोंगर, माथा 22.5 वर 30 टक्क्यांचा. ब ची रेषा 12.5 वर चढते, 22.5 वर 10 टक्क्यांपर्यंत खाली येते आणि 32.5 वर पुन्हा 20 ला पोचते. उंटाची पाठ. दोन्ही रेषा 15 च्या आसपास एकदा आणि 27 च्या आसपास पुन्हा एकमेकींना छेदतात. त्या दोन छेदांच्या मध्ये अ वर, बाहेर दोन्हीकडे ब वर. सारणीत मोजून खात्री करा: 15 च्या खाली अ ची 15 टक्के मुलं आणि ब ची 30 टक्के. 25 आणि त्याहून जास्त गुणांची अ मध्ये 30 टक्के, ब मध्ये 45 टक्के. ब तुकडीत कच्ची मुलंही जास्त आणि हुशारही जास्त. 22 आणि 22.4 या सरासऱ्यांनी हे पूर्ण लपवलं होतं.

दोन गोष्टी मात्र या आलेखातून वाचू नका. छेदबिंदू 15.3 वर आला म्हणून 15.3 गुणांना काही अर्थ नाही, रेषा फक्त वर्गमध्यांवर खरी बोलते. आणि नापास किती ते इथे कळत नाही. 40 पैकी 35 टक्के म्हणजे 14 गुणांना उत्तीर्ण, आणि 10–15 या एकाच वर्गात नापास आणि काठावर पास दोघेही बसलेत. नापासांसाठी यादी मोजा.

## कुठे थांबायचं

एखाद्या तुकडीत पंधरा-वीसच मुलं असतील तर टक्क्यांचा बहुभुज काढू नका. वीसमध्ये एक मूल म्हणजे 5 टक्के, एका मुलाने पाठ फिरवली की डोंगराची दरी होते. तिथे एका रेषेवर प्रत्येक मुलाचा एक ठिपका द्या, तो जास्त प्रामाणिक.

दोन तुकड्यांना वेगळ्या प्रश्नपत्रिका होत्या, किंवा उत्तरपत्रिका दोघांनी वेगळ्या हाताने तपासल्या, तरीही थांबा. आलेख कितीही निर्दोष असो, तो मुलांमधला फरक आणि तपासणाऱ्यांमधला फरक वेगळा करून दाखवू शकत नाही. अशा वेळी प्रत्येक तुकडीच्या दहा-दहा उत्तरपत्रिका अदलाबदल करून पुन्हा तपासून घ्या, मगच आलेखाकडे या.

आणि या आलेखावरून कुणाचं मूल्यमापन होणार असेल, तुकड्या फोडायच्या-जोडायच्या असतील, किंवा "हा फरक खरा की योगायोगाचा" असं कुणी लेखी विचारलं असेल, तर ते काम आलेख कागदाचं नाही आणि माझ्यासारख्या गणिताच्या शिक्षकाचंही नाही. जवळच्या महाविद्यालयातल्या संख्याशास्त्र विभागात जा. जाताना गट पाडलेली सारणी नव्हे, मुलांची नावं झाकलेली मूळ गुणयादी, प्रश्नपत्रिका आणि गैरहजर मुलांची संख्या न्या. नुसती सारणी घेऊन गेलात तर पहिल्याच भेटीत गुणयादी आणायला परत पाठवतील, माझ्यासारखं.